‘कोड फास्ट करून द्या’ : आधी काय मोजायचे?

प्रोग्रामची फाइल जोडलेली आणि सोबत एकच ओळ : ‘हा कोड जरा फास्ट करून द्या.’ प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या जगात अशी मागणी रोजची आहे. कार्यालयातला सहकारी करतो, गिऱ्हाईक करते, प्रोजेक्ट जमा करायला निघालेला विद्यार्थीही करतो. फाइलमध्ये प्रोग्रामची प्रत्येक ओळ असते. मात्र तो किती माहितीवर चालतो, आत्ता किती वेळ घेतो आणि किती वेळात झाला तर चालेल, हे कुठेच लिहिलेले नसते. या तीन गोष्टी माहीत नसतील तर कोड कितीही बारकाईने वाचला तरी नेमके काय बदलायचे ते ठरवता येत नाही. एकाच कोडची तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

एक कोड, तीन परिस्थिती

उदाहरणादाखल एका पतसंस्थेतला छोटा पायथन प्रोग्राम घेऊ. एका फाइलमध्ये सभासद क्रमांक आहेत, तर दुसरीत महिन्याभरात जमा झालेल्या हप्त्यांच्या नोंदी. ज्या हप्त्यावरचा क्रमांक सभासदांच्या यादीत सापडत नाही, ती नोंद मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला कळवायची, एवढेच त्याचे काम.

```python
import csv

sabhasad = []
for row in csv.reader(open("sabhasad.csv")):
    sabhasad.append(row[0])

for row in csv.reader(open("hapte.csv")):
    if row[0] not in sabhasad:
        kalva(row)
```

`kalva` हे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये आहे, ते आणणारी `import` ओळ वर गाळली आहे. ते एक नोंद इंटरनेटवरून पाठवते आणि सर्व्हरची पोच येईपर्यंत थांबते.

जाणकाराची नजर लगेच `not in sabhasad` या तुकड्यावर जाईल. `sabhasad` ही लिस्ट आहे. लिस्टमध्ये एखादा क्रमांक आहे का हे पाहताना पायथन पहिल्या क्रमांकापासून एकेक तपासत जाते. सापडला की थांबते, नाही सापडला तर शेवटपर्यंत जाते. म्हणजे सापडणाऱ्या क्रमांकासाठी सरासरी निम्मी यादी चाळावी लागते. लिस्टऐवजी सेट वापरला तर क्रमांकावरून आकडेमोड करून त्याची जागाच काढली जाते आणि यादी कितीही मोठी झाली तरी शोधायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. तेव्हा ‘लिस्टचा सेट करा’ हे उत्तर तोंडावर येते. ते बरोबर आहे की निरुपयोगी, हे मात्र कोडवरून कळत नाही.

पहिली परिस्थिती. सभासद ५०० आणि हप्ते २,०००, जवळपास सगळे क्रमांक यादीत सापडणारे. प्रत्येक हप्त्यासाठी सरासरी २५० तुलना, म्हणजे एकूण ५ लाख. एका तुलनेला २० नॅनोसेकंद धरले तर सगळा शोध सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतो. नुसते पायथन सुरू व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. इथे सेट केला काय, न केला काय, माणसाला फरक जाणवणार नाही.

दुसरी परिस्थिती. संस्था मोठी आहे. सभासद ५०,००० आणि हप्ते २,००,०००. यातही बहुतेक क्रमांक सापडतात. प्रत्येक हप्त्यासाठी सरासरी २५,००० तुलना, एकूण ५०० कोटी. त्याच २० नॅनोसेकंदांच्या हिशेबाने १०० सेकंद होतात. सभासद शंभरपट आणि हप्तेही शंभरपट वाढल्याने काम दहा हजारपट वाढले. इथे सेट केला की शोधाचा वेळ नगण्य होतो, फाइल वाचण्याचा तेवढा उरतो आणि सगळे काम साधारण सेकंदाभरात आटोपते.

तिसरी परिस्थिती. सभासद पुन्हा ५०० आणि हप्ते २,०००. पण क्रमांक लिहिण्याची पद्धत बदलल्यामुळे १,५०० नोंदी जुळत नाहीत. त्यातली प्रत्येक नोंद सर्व्हरला कळवायची आणि एका फेरीला ४० मिलिसेकंद लागतात. एकूण ६० सेकंद. हा सगळा वेळ प्रोसेसर रिकामा बसून पोचेची वाट पाहत असतो. सेट केल्याने यातला एक सेकंदही वाचत नाही. शंभर शंभर नोंदी एकत्र पाठवल्या तर १,५०० फेऱ्यांच्या १५ होतात, तोच खरा उपाय. अर्थात सर्व्हर अशा एकत्र नोंदी स्वीकारत असेल तरच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या परिस्थितीतल्या माणसाची तक्रार एकच असते : ‘प्रोग्रामला मिनिट-दीड मिनिट लागते.’ कोडही तोच असतो. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत. म्हणूनच कोडला हात लावण्याआधी मोजावे लागते आणि ते ठरावीक क्रमाने मोजावे लागते.

पहिले माप : इनपुट किती

सगळ्यात आधी आकार. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर एका कमांडने दोन्ही फाइलींच्या ओळी मोजता येतात.

```
wc -l sabhasad.csv hapte.csv
```

पण दोन आकडे मिळाले म्हणजे आकार कळला असे नाही. वरच्या प्रोग्राममध्ये तिसरा आकडाही तेवढाच महत्त्वाचा आहे : न जुळणाऱ्या नोंदी किती? पहिल्या आणि तिसऱ्या परिस्थितीत फाइलींची लांबी सारखीच आहे, वेगळी आहे ती फक्त ही संख्या. कोड वाचण्याचा खरा उपयोग इथे होतो. कोणती ओळ किती वेळा चालेल आणि ते कोणत्या संख्येवर अवलंबून आहे, हे कोड सांगतो. ती संख्या प्रत्यक्षात किती आहे, हे मात्र माहितीच सांगते.

याच वेळी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : हा आकार पुढे वाढणार आहे का? आज ५०० सभासद असलेली संस्था उद्या दुसऱ्या संस्थेत विलीन होणार असेल, तर आज न जाणवणारा दोष उद्या जाणवेल. तसे काही नसेल आणि प्रोग्राम रात्री आपोआप चालत असेल, तर १०० सेकंदांनीही कुणाचे अडत नाही. किती वेळ चालेल, याचा आकडा आधी ठरला नाही तर काम कुठे थांबवायचे ते कधीच कळत नाही.

दुसरे माप : वेळ कशात जातो, कामात की वाट पाहण्यात

आकारानंतर एकूण वेळ. घड्याळ हातात धरण्याची गरज नाही. टर्मिनलवर कमांडच्या आधी `time` लिहिले की प्रोग्राम संपल्यावर तीन आकडे दिसतात. आपल्या दुसऱ्या परिस्थितीत ते साधारण असे येतील :

```
$ time python3 tapasni.py

real    1m41.3s
user    1m40.9s
sys     0m0.2s
```

तिसऱ्या परिस्थितीत असे :

```
real    1m2.4s
user    0m2.1s
sys     0m0.3s
```

`real` म्हणजे सुरू झाल्यापासून संपेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाने मोजलेला वेळ. `user` म्हणजे त्यातला प्रोसेसरने या प्रोग्रामसाठी प्रत्यक्ष राबून घालवलेला वेळ. `sys` म्हणजे फाइल उघडणे, माहिती पाठवणे अशी कामे प्रोग्रामच्या वतीने करताना ऑपरेटिंग सिस्टिमला लागलेला प्रोसेसरचा वेळ.

निदान या तीन आकड्यांच्या तुलनेत आहे. `user` जवळजवळ `real` इतका असेल तर प्रोसेसर सतत कामात आहे. मग काम कमी करण्याचा मार्ग शोधायचा : सेट, वेगळी पद्धत, अनावश्यक फेऱ्या काढून टाकणे. `real` मोठा आणि `user` व `sys` दोन्ही लहान असतील तर प्रोग्राम कशाची तरी वाट पाहतो आहे. ते नेटवर्क असेल, डेटाबेस असेल किंवा डिस्क असेल. अशा वेळी हिशेबाच्या ओळी कितीही सुधारल्या तरी हाती काही लागत नाही. बरेच दिवस चुकीच्या जागी खपण्यापासून वाचवणारे हे माप काही सेकंदांत मिळते.

एकदाच मोजून भागत नाही. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून वाचली जाते, दुसऱ्या वेळी ती बहुधा मेमरीतच असते. मागे अँटिव्हायरस चालू असतो, लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, बॅटरीवर असताना तर वेग आणखी वेगळा. म्हणून एकाच इनपुटवर प्रोग्राम चार-पाच वेळा चालवून सगळे आकडे लिहून ठेवावेत. ते ९.८ आणि ११.२ सेकंदांच्या दरम्यान हेलकावत असतील, तर ०.३ सेकंदांची सुधारणा झाली असा दावा करता येत नाही, कारण तो फरक आकड्यांच्या हेलकाव्यातच बुडतो.

तिसरे माप : इनपुट निम्मे केले तर

वेळ कळला. आता तो आकारासोबत कसा वाढतो, ते पाहायचे. त्यासाठी इनपुट निम्मे करून पुन्हा मोजावे. वेळ निम्म्यावर आला तर काम आकाराच्या प्रमाणात आहे. पाव झाला तर ते आकाराच्या वर्गाने वाढते आहे, आणि अशा प्रोग्रामला उद्याचा मोठा आकार झेपणार नाही.

इथे दोन फसवणुका होतात. पहिली म्हणजे फक्त हप्त्यांची फाइल निम्मी करणे. तसे केले तर दुसऱ्या परिस्थितीतही वेळ निम्माच होतो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. वर्गाने होणारी वाढ दिसायची असेल तर ज्या ज्या संख्या प्रत्यक्षात एकत्र वाढतात, त्या एकत्रच कमी कराव्या लागतात. इथे सभासद आणि हप्ते दोन्ही.

दुसरी फसवणूक अधिक छुपी आहे. दोन्ही फाइलींच्या वरच्या निम्म्या ओळी कापून घेतल्या तर काय होईल? सभासद २५,००० उरतील, पण उरलेल्या १,००,००० हप्त्यांपैकी जवळपास निम्मे हप्ते कापून टाकलेल्या सभासदांचे असतील. ते आता जुळणार नाहीत. प्रत्येकासाठी सगळी यादी चाळली जाईल आणि वर सुमारे ५०,००० नोंदी सर्व्हरला कळवल्या जातील. ४० मिलिसेकंदांच्या हिशेबाने त्याला २,००० सेकंद लागतात. इनपुट निम्मे आणि वेळ वीसपट! मूळ प्रश्न बाजूला राहून भलत्याच प्रोग्रामचे मोजमाप हाती येते, शिवाय खोट्या नोंदी खऱ्या कार्यालयात पोचतात. म्हणून नमुना काढताना आधी सभासद निवडावेत, मग फक्त त्यांचेच हप्ते घ्यावेत, न जुळणाऱ्या नोंदींचे प्रमाण मूळ इतकेच ठेवावे, आणि `kalva`ला चाचणीच्या सर्व्हरकडे वळवावे. असे केले की तुलना ५०० कोटींवरून १२५ कोटींवर येतात आणि वेळ खरोखर पाव होतो.

चौथे माप : नेमकी कोणती जागा

इथवरच्या तीन मापांनी दुखणे कोणत्या जातीचे आहे ते कळते. आता नेमकी जागा शोधायची. त्यासाठी प्रोफायलर नावाचे साधन असते. कोणते फंक्शन किती वेळा चालले आणि त्यात किती वेळ गेला, याचा तक्ता ते देते. पायथनमध्ये ते सोबतच येते :

```
python3 -m cProfile -s tottime tapasni.py
```

तिसऱ्या परिस्थितीत तक्त्याच्या वरच्या भागात नेटवर्कवरून वाचणारे फंक्शन १,५०० किंवा त्याहून अधिक वेळा आलेले दिसेल आणि बहुतेक वेळ त्याच्याच नावावर असेल. निदान पक्के. दुसऱ्या परिस्थितीत मात्र तक्ता थोडा कोड्यात टाकतो. सगळा वेळ `<module>` या एकाच ओळीवर दिसतो. कारण `cProfile` फंक्शननुसार वेळ मोजते, आणि `in` हे फंक्शन नसून भाषेतलीच एक क्रिया आहे. तिचा वेळ ज्या कोडमध्ये ती लिहिली आहे, त्याच्या खात्यावर पडतो. शोधाची ओळ एका छोट्या फंक्शनमध्ये काढून पुन्हा मोजले की गुन्हेगार समोर येतो.

प्रोफायलरचे आकडे शब्दशः घेऊ नयेत. प्रत्येक फंक्शनची नोंद ठेवायलाही वेळ लागतो, त्यामुळे लाखो वेळा चालणारी छोटी फंक्शने तक्त्यात आहेत त्याहून महाग दिसतात. प्रोफायलर जागा दाखवतो. सुधारणा किती झाली, ते सांगण्यासाठी पुन्हा साधे `time`च वापरावे.

जागा अंदाजाने का शोधू नये, याचे उत्तर जुने आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्ष वापरातल्या फोरट्रान प्रोग्रामांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रोग्रामचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग साधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खातो, असे त्यांना आढळले. उरलेल्या ९६ टक्क्यांत केलेल्या मेहनतीचे फळ त्यामानाने फार थोडे मिळते. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार त्याला मर्यादा घालून देतो : एखादा भाग कितीही वेगवान केला तरी उरलेल्या भागाचा वेळ तसाच राहतो. समजा पतसंस्थेच्या प्रोग्राममध्ये शोधाला १०० सेकंद आणि कळवायला ६० सेकंद लागत आहेत. शोध शून्य सेकंदांत उरकला तरी ६० सेकंद उरणारच. १६० चे ६०, म्हणजे वेग पावणेतीन पटीच्या आतच वाढला. त्यापुढे जायचे असेल तर पुढची कुऱ्हाड दुसऱ्या भागावर पडली पाहिजे.

सहा मिनिटांचा खेळ

मोजण्याचा हा क्रम मोठ्या प्रोग्रामलाही लागू पडतो, हे २०२१ मध्ये जगभर गाजलेल्या एका प्रसंगातून दिसले. रॉकस्टार कंपनीचा ‘जीटीए ऑनलाइन’ हा खेळ सुरू व्हायला फार वेळ लागतो, ही खेळणाऱ्यांची कित्येक वर्षांची तक्रार होती. कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने छडा लावायचे ठरवले. त्याच्या संगणकावर खेळ उघडायला सुमारे सहा मिनिटे लागत. मूळ कोड त्याच्या हाती नव्हता. त्याने आधी संगणकाचा कोणता भाग कामात आहे ते पाहिले. डिस्क आणि नेटवर्क जवळपास रिकामे होते, पण प्रोसेसरचा एक कोअर चार मिनिटांहून अधिक काळ पूर्ण भरलेला होता. म्हणजे वाट पाहणे नव्हे, काम.

मग त्याने प्रोफायलर लावला आणि दोन जागा सापडल्या. खेळातल्या विकत घेण्याच्या वस्तूंची सुमारे १० मेगाबाइटची यादी वाचताना, प्रत्येक छोटा तुकडा उचलण्याआधी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती. शिवाय यादीतल्या सुमारे ६३,००० वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू आधी येऊन गेली आहे का, हे पाहायला आधीच्या सगळ्या वस्तू एकेक करून तपासल्या जात होत्या. एकही वस्तू दोनदा नसेल तर या तपासणीच्या तुलना सुमारे १९८ कोटी होतात. पतसंस्थेच्या प्रोग्राममधलाच हा दोष. दोन्ही जागा दुरुस्त केल्यावर सहा मिनिटांचा वेळ १ मिनिट ५० सेकंदांवर आला. कंपनीने निष्कर्ष मान्य करून मार्च २०२१ मध्ये सुधारणा प्रसिद्ध केली आणि त्याला १०,००० डॉलरचे बक्षीसही दिले. या दोन्ही दोषांची किंमत यादीच्या लांबीबरोबर झपाट्याने वाढते. यादी काही शे वस्तूंची असती, तर ते कुणाच्या लक्षातही आले नसते.

बदल केल्यानंतर

पतसंस्थेच्या दुसऱ्या परिस्थितीत बदल दोनच ओळींचा आहे.

```python
sabhasad = set()
for row in csv.reader(open("sabhasad.csv")):
    sabhasad.add(row[0])
```

एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच तीच फाइल, तोच संगणक, तेवढ्याच फेऱ्या घेऊन पुन्हा मोजावे. दोन-तीन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही, आणि एखाद्याने वेग कमी केला असेल तर तोही लपून राहतो.

वेगाइतकेच उत्तर महत्त्वाचे आहे. बदलाआधीच्या आणि बदलानंतरच्या न जुळणाऱ्या नोंदी दोन फाइलींत साठवून त्या एकसारख्या आहेत का, हे `diff` कमांडने पाहावे. सेटमध्ये क्रम राहत नाही आणि एकच क्रमांक दोनदा साठत नाही. इथे फक्त ‘आहे की नाही’ एवढेच विचारायचे असल्याने ते चालते. पण प्रोग्राममध्ये पुढे कुठे सभासदांची यादी क्रमाने छापली जात असेल, तर हाच बदल उत्तर बिघडवेल. जलद मिळालेले चुकीचे उत्तर हे मूळच्या हळू प्रोग्रामपेक्षा वाईट.

आणि १०० सेकंदांचे सेकंदभर झाल्यावर थांबावे. तेव्हा बहुतेक वेळ फाइल वाचण्यात जात असतो. तोही निम्मा करायचा म्हणून कोड अवघड करून ठेवला तर सांभाळणाऱ्याचा त्रास वाढतो आणि वापरणाऱ्याला काही मिळत नाही.

तेव्हा कुणाला ‘कोड फास्ट करून द्या’ असे सांगायचे असेल, तर फाइलीसोबत पाच ओळी जरूर लिहाव्यात : इनपुट किती आहे आणि किती होणार आहे, `time` चे तीन आकडे, ते कोणत्या संगणकावर आले, किती वेळात झाले तर पुरेल, आणि चाचणीसाठी खऱ्यासारखा नमुना कुठे मिळेल. आणि अशी मागणी ज्याच्याकडे येते, त्याने या पाच ओळी हाती आल्याशिवाय कोडची एकही ओळ बदलू नये.